टर्म शीटमधील मोठा आकडा आणि संस्थापकाच्या हाती उरणारी रक्कम

इंदूरजवळच्या एका लहान जैवनिविष्ठा कंपनीपुढे दोन कागद आहेत, अशी कल्पना करू. कंपनी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेसाठी ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीवर आधारित उत्पादन तयार करते. कृषी सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षण घेतलेली संस्थापिका आणि हिशेब व विक्री सांभाळणारा तिचा सहकारी असे दोघेच कंपनीचे मालक आहेत. आजवरचे काम घरची बचत आणि इन्क्युबेशन केंद्रामार्फत मिळालेले अनुदान यांवर निभावले. आता मोठा फर्मेंटर, दोन खरीप हंगामांतील क्षेत्रीय चाचण्या आणि कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी यांसाठी तीन कोटी रुपये हवे आहेत. दोन गुंतवणूकदार तेवढी रक्कम देण्यास तयार आहेत. पहिल्याच्या कागदावर, गुंतवणूक धरून, कंपनीचे मूल्य १२ कोटी लिहिले आहे. दुसऱ्याच्या कागदावर १५ कोटी.

घरी, मित्रमंडळींत आणि इन्क्युबेशन केंद्रातही बहुतेकांचा कौल दुसऱ्या कागदाला मिळेल. तीच रक्कम, वर तीन कोटींनी अधिक मूल्य. परंतु त्या कागदाच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे, ज्यामुळे कंपनी पुढे ८४ कोटींहून अधिक किमतीला विकली गेली तरच तो संस्थापकांना फायद्याचा ठरतो. त्याखालच्या प्रत्येक किमतीला पहिला कागदच बरा. हे कसे घडते ते पाहताना टर्म शीटमधील चारही कळीच्या अटी ओघाने समजतात. उदाहरण रचलेले आहे आणि आकडे हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत. अटी मात्र व्यवहारात नित्य आढळणाऱ्या आहेत.

टर्म शीट म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा चारपाच पानांचा मसुदा. सौदा पुढे पूर्ण होईलच असे बंधन तो सहसा घालत नाही. गोपनीयता, ठरावीक मुदतीत अन्य गुंतवणूकदाराशी बोलणी न करण्याची हमी आणि वकिलांचा खर्च कोणी सोसायचा, एवढीच कलमे बहुधा बंधनकारक असतात. यावरून पुष्कळ संस्थापक असा समज करून घेतात की सही आत्ता करावी आणि घासाघीस अंतिम कराराच्या वेळी करावी. प्रत्यक्षात उलटे घडते. अंतिम करार टर्म शीटवरून लिहिला जातो, आणि जी अट तेथे मान्य झाली ती नंतर बदलू पाहणारा शब्द फिरवतो असे समजले जाते. म्हणून वेळ आणि वकिलाची फी दोन्ही याच टप्प्यावर खर्च करणे शहाणपणाचे.

मूल्य कोणाचे आणि कधीचे

मूल्याचे दोन आकडे असतात. पैसे येण्यापूर्वीचे मूल्य म्हणजे प्री-मनी, आणि त्यात नवी गुंतवणूक मिळवली की पोस्ट-मनी. पहिल्या कागदात प्री-मनी नऊ कोटी आणि पोस्ट-मनी १२ कोटी आहे. तीन कोटी हे १२ कोटींचा चौथा भाग, म्हणून गुंतवणूकदाराचा हिस्सा २५ टक्के. केवळ ‘मूल्य १२ कोटी’ एवढेच बोलणे झाले आणि कोणते ते स्पष्ट झाले नाही, तर संस्थापक त्याला प्री-मनी समजून २० टक्के हिस्सा द्यायला तयार होतो आणि गुंतवणूकदार पोस्ट-मनी समजून २५ टक्के मागतो. पहिल्या भेटीतच हा शब्द नीट उच्चारून घ्यावा.

मग उरलेले ७५ टक्के संस्थापकांचे का? नाही. त्याच वाक्यात पुढे लिहिलेले असते की गुंतवणुकीनंतरच्या एकूण भागांपैकी दहा टक्के भाग कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवावेत आणि त्यांचा समावेश प्री-मनी मूल्यात धरावा. यालाच ईसॉप पूल म्हणतात. दोघा संस्थापकांकडे मिळून १,३०,००० भाग आहेत असे धरू. नऊ कोटींना १,३०,००० ने भागले तर एका भागाची किंमत सुमारे ६९२ रुपये यायला हवी. परंतु पूलचे २०,००० भागही प्री-मनीत मोजले जात असल्याने भागणारी संख्या १,५०,००० होते आणि किंमत ६०० रुपयांवर येते. गुंतवणूकदाराला तीन कोटींत ५०,००० भाग मिळतात. एकूण भाग दोन लाख. त्यांपैकी संस्थापकांचे ६५ टक्के, गुंतवणूकदाराचे २५ आणि पूलचे दहा. म्हणजे संस्थापकांच्या कंपनीला कागदावर नऊ कोटी मूल्य मिळाले, तरी त्यांच्या स्वतःच्या भागांची किंमत सात कोटी ८० लाखच धरली गेली.

यात फसवणूक नाही. ही रूढ पद्धत आहे. मात्र पूलचा आकार हा मूल्याचाच एक भाग आहे हे ओळखले पाहिजे. पुढील दीड वर्षात कोणाकोणाला नेमायचे आहे याची यादी संस्थापिकेने आधी केली, आणि तिच्यात एक उत्पादन व्यवस्थापक व दोन क्षेत्रीय अधिकारीच असले, तर पाच ते सहा टक्के पूल पुरेसा आहे असे ती आकड्यांनिशी सांगू शकते. मूल्य वाढवून मागण्यापेक्षा ही मागणी मान्य होणे सोपे असते.

विक्रीच्या दिवशी पहिला हात कोणाचा

लिक्विडेशन प्रेफरन्स हा शब्द ऐकताच कंपनी बुडण्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. टर्म शीटमध्ये मात्र त्याची व्याप्ती बरीच मोठी असते. कंपनी विकली गेली, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली किंवा तिची बहुतांश मालमत्ता विकली गेली, तरी ते ‘लिक्विडेशन’ मानले जाते. अशा वेळी कर्जे आणि अन्य देणी फेडून जे उरते त्यातून आधी गुंतवणूकदाराने किती घ्यायचे, हे ही अट ठरवते. यासाठीच भारतात गुंतवणूकदार साधे समहक्क भाग न घेता, पुढे समहक्क भागांत अनिवार्यपणे रूपांतरित होणारे अग्रहक्क भाग घेतात. व्यवहारात त्यांना सीसीपीएस म्हणतात.

पहिल्या कागदातील अट अशी आहे: गुंतवणूकदार एकतर आपले तीन कोटी परत घेईल, किंवा भागांचे रूपांतर करून आपला २५ टक्के हिस्सा घेईल, यांपैकी जे अधिक असेल ते. दोन्ही नाही. याला एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग प्रेफरन्स म्हणतात.

चाचण्यांचे निष्कर्ष मध्यम आले आणि एका मोठ्या निविष्ठा कंपनीने सहा कोटींना कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव दिला असे समजू. कंपनीवर कर्ज नाही आणि पूलमधील सर्व भाग कर्मचाऱ्यांना मिळालेले आहेत असे धरू. सहा कोटींचे २५ टक्के म्हणजे दीड कोटी. त्यापेक्षा तीन कोटी अधिक, म्हणून गुंतवणूकदार तीन कोटी घेईल. उरलेले तीन कोटी संस्थापक आणि कर्मचारी यांच्यात ६५ व १० या प्रमाणात वाटले जातील. संस्थापकांना दोन कोटी ६० लाख आणि कर्मचाऱ्यांना ४० लाख मिळतील. तक्त्यात ६५ टक्के दिसत असले तरी विक्रीच्या रकमेतील त्यांचा प्रत्यक्ष वाटा सुमारे ४३ टक्के झाला.

विक्री २४ कोटींना झाली तर चित्र बदलते. २५ टक्के म्हणजे सहा कोटी, म्हणून गुंतवणूकदार रूपांतर करेल आणि संस्थापकांना पूर्ण ६५ टक्के, म्हणजे १५ कोटी ६० लाख मिळतील. रूपांतर फायद्याचे ठरू लागते ती किंमत नेमकी १२ कोटी, म्हणजे पोस्ट-मनी मूल्याइतकीच. ही अट गुंतवणूकदाराचे मूळ भांडवल सांभाळते आणि यश आल्यावर बाजूला होते. तीन कोटी घालून सहा महिन्यांनी कंपनी तीन कोटींना विकली गेली आणि संस्थापक ६५ टक्के घेऊन निघून गेले, असे होऊ नये ही गुंतवणूकदाराची चिंता रास्तच आहे.

दुसऱ्या कागदातील वाक्य वेगळे आहे. गुंतवणूकदार आधी गुंतवणुकीच्या दुप्पट, म्हणजे सहा कोटी घेईल, आणि त्यानंतर उरलेल्या रकमेतही आपल्या हिश्शाप्रमाणे वाटा घेईल. ही दुप्पट, पार्टिसिपेटिंग अट. सहा कोटींच्या विक्रीत संस्थापकांच्या हाती शून्य येते.

२० कोटींच्या विक्रीत दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या कागदाप्रमाणे गुंतवणूकदाराला पाच कोटी आणि संस्थापकांना १३ कोटी. दुसऱ्या कागदात मूल्य १५ कोटी असल्याने गुंतवणूकदाराचा हिस्सा २० टक्के, पूल दहा टक्के आणि संस्थापकांचा हिस्सा ७० टक्के आहे. परंतु सहा कोटी आधीच बाजूला गेल्यावर वाटणीसाठी १४ कोटीच उरतात. त्याचे ७० टक्के म्हणजे नऊ कोटी ८० लाख. अधिक मूल्य, अधिक हिस्सा, आणि तरीही तीन कोटी २० लाख कमी.

ही तफावत केव्हा भरून निघेल? दुसऱ्या कागदाने संस्थापकांना पाच टक्के अधिक हिस्सा दिला आहे. त्याची किंमत म्हणून आधी बाजूला काढलेल्या सहा कोटींतील त्यांचा ७० टक्के वाटा, म्हणजे चार कोटी २० लाख, गेला आहे. विक्रीच्या किमतीचे पाच टक्के चार कोटी २० लाखांइतके व्हायला ती किंमत ८४ कोटी असावी लागते. बीजप्रक्रियेचे एकच उत्पादन असलेली आणि नोंदणीची वाट पाहणारी कंपनी त्या किमतीला विकली जाणे अशक्य नाही, पण तेवढ्यावर सगळी मदार ठेवावी अशी परिस्थिती फार थोड्यांची असते.

दोन टोकांच्या मध्ये पायऱ्या आहेत. एकपट पण पार्टिसिपेटिंग अट असते. पार्टिसिपेटिंग असूनही ‘एकूण प्राप्ती गुंतवणुकीच्या तिपटीपर्यंतच’ अशी कमाल मर्यादा घालता येते. वाचताना तीन प्रश्न विचारले की अट उलगडते: किती पट, त्यानंतर पुन्हा वाटा आहे का, आणि असल्यास कोठपर्यंत. पुष्कळदा ‘पट’ हा शब्दच नसतो. ‘गुंतवणुकीची रक्कम अधिक वार्षिक १५ टक्के परतावा’ असे लिहिलेले असते. १५ टक्के चक्रवाढीने रक्कम पाच वर्षांत दुप्पट होते, तेव्हा तीही सावकाश दुपटीकडे जाणारी अटच आहे.

हिस्सा घटणे आणि किंमत घटणे

नवे भाग निघाले की जुन्या भागधारकांचा टक्का उतरतो. यालाच डायल्यूशन म्हणतात. त्याची भीती अनाठायी असते. पुढच्या फेरीत ३० कोटी प्री-मनी मूल्यावर दहा कोटी आले तर संस्थापकांचे ६५ टक्के ४८.७५ टक्क्यांवर येतील. पण १२ कोटींचे ६५ टक्के सात कोटी ८० लाख होतात आणि ४० कोटींचे ४८.७५ टक्के साडेएकोणीस कोटी. टक्का कमी झाला, किंमत वाढली. वावराचा एक बांध सोडून उरलेल्याला पाणी आणण्यासारखा हा व्यवहार आहे.

काळजी करण्याजोगी स्थिती वेगळी: पुढची फेरी आधीपेक्षा कमी किमतीला होते तेव्हा. जैविक कीडनाशकांच्या बाबतीत हे सहज घडू शकते. नोंदणीसाठी परिणामकारकतेची आणि विषारीपणाची माहिती द्यावी लागते. एक खरीप अवर्षणात गेला किंवा चाचणीच्या प्लॉटमध्ये मूळकुजीचा प्रादुर्भावच झाला नाही, तर परिणामकारकता मोजता येत नाही आणि पुढच्या जूनपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते. पैसे मात्र थांबत नाहीत. पगार आणि भाडे दरमहा जातच राहते. अशा वर्षी कंपनी ६०० ऐवजी ३०० रुपयांना भाग विकून दीड कोटी उभे करते असे धरू. नव्या गुंतवणूकदाराला ५०,००० भाग द्यावे लागतात.

जुन्या गुंतवणूकदाराने ६०० रुपये मोजले होते, आणि या दिवसासाठी त्याने टर्म शीटमध्ये अँटी-डायल्यूशनचे कलम घालून ठेवलेले असते. ते असे चालते की त्याच्या अग्रहक्क भागांचे समहक्क भागांत रूपांतर ज्या किमतीला व्हायचे, ती किंमत खाली येते, आणि त्याच तीन कोटींत त्याला अधिक भाग मिळतात. किंमत किती खाली यावी, याच्या दोन पद्धती आहेत.

फुल रॅचेट पद्धतीत ती थेट नव्या किमतीवर येते. कंपनीने त्या किमतीला किती भाग विकले याचा विचारच होत नाही. तीन कोटींना ३०० ने भागले की गुंतवणूकदाराचे ५०,००० भाग एक लाख होतात. एकूण भाग तीन लाख होऊन संस्थापकांचा टक्का ४३.३ वर येतो.

वेटेड ॲव्हरेज, म्हणजे भारित सरासरी पद्धतीत नव्या फेरीचा आकारही मोजला जातो. आधीचे भाग दोन लाख. आलेल्या दीड कोटींत जुन्या ६०० रुपये किमतीने २५,००० भाग निघाले असते. प्रत्यक्षात ५०,००० निघाले. म्हणून २,२५,००० भागिले २,५०,००० हे गुणोत्तर, म्हणजे ०.९, जुन्या किमतीला लावायचे. नवी रूपांतर किंमत ५४० रुपये आणि गुंतवणूकदाराचे भाग सुमारे ५५,५५६. संस्थापकांचा टक्का जवळजवळ ५०.९ राहतो. हे कलमच नसते तर तो ५२ असता. सरासरीच्या पद्धतीत संस्थापक साधारण एक टक्का गमावतात आणि फुल रॅचेटमध्ये जवळजवळ नऊ. प्रत्यक्षात फुल रॅचेट पाहून नवा गुंतवणूकदार स्वतःची किंमतही आणखी खाली ओढतो, त्यामुळे फटका याहून मोठा असू शकतो.

येथे एक गोष्ट संस्थापिकेला इतर कोणाहीपेक्षा अधिक कळते आणि ती तिने टेबलावर मांडली पाहिजे. शहरातील गुंतवणूकदार ‘अठरा महिन्यांची सोय’ अशा भाषेत विचार करतो. सोयाबीनला महिने नसतात, हंगाम असतात. मे महिन्यात पैसे हाती आले तर अठरा महिन्यांत दोन खरीप मिळतात. ऑगस्टमध्ये आले तर एकच. पैसे एकरकमी न देता टप्प्याटप्प्याने देण्याची अट असेल, तर दुसरा टप्पा ‘डिसेंबरपर्यंत नोंदणी’ या निकषाला बांधू न देता ‘एका खरिपाच्या चाचणीचा अहवाल सादर’ अशा, तिच्या आवाक्यातील निकषाला बांधून घ्यावा. निर्णय कोणत्या तारखेला येईल हे तिच्या हातात नसते.

होकार देण्याचा अधिकार

सहा कोटींचा तो प्रस्ताव पुन्हा पाहू. तो स्वीकारायचा की नाही, हे कोण ठरवणार?

पहिल्या कागदाच्या अटींतही एक खाच आहे. तीन कोटींपासून १२ कोटींपर्यंत कोणत्याही किमतीला कंपनी विकली तरी गुंतवणूकदाराला तीन कोटीच मिळतात. आज चार कोटींना विकणे आणि दोन वर्षे थांबून दहा कोटींना विकणे, त्याच्या खिशाच्या दृष्टीने सारखेच. उलट आजचे बरे. संस्थापकांना मात्र पहिल्या व्यवहारात सुमारे ८७ लाख आणि दुसऱ्यात सहा कोटी सात लाख मिळतात. दोघेही प्रामाणिक असले तरी त्यांची मते जुळणार नाहीत. वाद अशा ठिकाणी होतो, आणि तो मिटवणारे कलम संचालक मंडळाच्या परिच्छेदात असते.

दोन संस्थापक आणि गुंतवणूकदाराचा एक प्रतिनिधी, अशी तिघांची रचना पहिल्या फेरीत वाजवी मानली जाते. दोन संस्थापक, दोन प्रतिनिधी आणि एक स्वतंत्र संचालक, अशी रचना सुचवली असेल तर पाचव्या व्यक्तीची नेमणूक कोण करणार, हा खरा प्रश्न आहे. ‘दोघांच्या संमतीने’ आणि ‘गुंतवणूकदाराच्या शिफारशीने’ यांत मंडळाचे बहुमत कोणाकडे जाते याचे उत्तर आहे.

परंतु बहुमत हाती ठेवून निश्चिंत होता येत नाही. खुर्ची एकच असूनही गुंतवणूकदार दोन मार्गांनी निर्णय अडवू शकतो. पहिला मार्ग राखीव विषयांच्या यादीचा: या विषयांवर त्याच्या लेखी संमतीशिवाय ठराव होणार नाही. कंपनी विकणे, नवे भाग काढणे, व्यवसायच बदलणे, हे विषय यादीत असणे योग्य आहे. पण दोन लाखांवरील प्रत्येक खर्च, प्रत्येक नेमणूक, प्रत्येक वितरकाशी करार हेही त्यात असेल तर पेरणीच्या तोंडावर बियाणे विक्रेत्याला उधारी देण्यासाठीसुद्धा ईमेलच्या उत्तराची वाट पाहावी लागेल. मान्य वार्षिक अंदाजपत्रकाच्या आतील खर्चाला संमती लागणार नाही, एवढे एक वाक्य घातले की यातील निम्मी अडचण दूर होते. दुसरा मार्ग गणसंख्येचा. गुंतवणूकदाराचा संचालक हजर नसेल तर बैठकच पूर्ण नाही, असे लिहिलेले असते. मग गैरहजर राहणे हाही नकाराचा प्रकार होतो. तहकूब झालेली बैठक सात दिवसांनी त्याच विषयांवर भरवली तर उपस्थितांची गणसंख्या पुरेशी मानावी, असा उपाय त्यासाठी रूढ आहे. राखीव विषय त्यातून वगळले जातात.

भागधारकांच्या सभेचे गणितही तपासून पाहावे. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे नियमावली बदलण्यासाठी किंवा निवडक व्यक्तीला नवे भाग देण्यासाठी विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातील मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. गुंतवणूकदाराकडे २५ टक्के, म्हणजे बरोबर काठावर. त्याच्या एकट्याच्या विरोधाने ठराव अडणार नाही असे वाटते. पण पूलमधील भाग जोवर कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्षात घेतलेले नाहीत तोवर त्यांना मत नाही. मतदानाचे भाग १,८०,००० आणि त्यांपैकी गुंतवणूकदाराचे ५०,०००, म्हणजे २७.८ टक्के. विशेष ठराव त्याच्याशिवाय होऊच शकत नाही. अग्रहक्क भागांना कायद्याने एरवी मर्यादित मताधिकार असला तरी खासगी कंपनीला नियमावलीद्वारे तो वाढवण्याची मुभा आहे, आणि टर्म शीटमध्ये ‘रूपांतर झाले आहे असे समजून मतदान’ ही ओळ त्यासाठीच असते.

संचालकाला काढण्यासाठी मात्र साधा ठराव पुरतो, म्हणजे निम्म्याहून अधिक मते. आज संस्थापकांकडे ७२ टक्के मते आहेत. आता मघाची कमी किमतीची फेरी आठवावी. भारित सरासरीच्या पद्धतीत त्यांची मते ५५ टक्क्यांच्या आसपास राहतात. फुल रॅचेटमध्ये २,८०,००० मतांपैकी त्यांची १,३०,०००, म्हणजे ४६.४ टक्के उरतात, आणि दोन्ही गुंतवणूकदार एकत्र आले तर संस्थापिकेला तिच्याच कंपनीच्या मंडळावरून हटवता येते. किमतीच्या परिच्छेदातील दोन शब्दांचा परिणाम नियंत्रणाच्या परिच्छेदात असा उमटतो. संस्थापकांना संचालक नेमण्याचा हक्क ते ठरावीक टक्क्याहून अधिक भाग बाळगत असेपर्यंत राहील, असे कलम घेतल्यास हा धोका कमी होतो.

विक्रीच्या संदर्भात आणखी एक कलम पाहावे, ते ड्रॅग-अलाँगचे. काही वर्षांनंतर गुंतवणूकदाराने ग्राहक आणला तर इतरांनाही आपले भाग त्याच अटींवर विकावे लागतील, असे ते सांगते. दुसऱ्या कागदातील दुप्पट प्रेफरन्सच्या जोडीला हे कलम चौथ्या वर्षापासून आणि किमान किमतीविना लागू असेल, तर सहा कोटींच्या प्रस्तावाला गुंतवणूकदार एकटा होकार देऊ शकतो, आणि संस्थापकांना सही करून रिकाम्या हाताने बाहेर पडावे लागते. त्यात किमान किंमत, किमान काळ आणि निदान एका संस्थापकाची संमती, या तीनपैकी दोन तरी मिळवण्यासाठी अडून बसणे रास्त आहे.

जे काही ठरेल ते भागधारक करारात लिहिले जाते. त्याचबरोबर ते कंपनीच्या नियमावलीतही यावे लागते. भागांच्या हस्तांतरणावरील निर्बंध नियमावलीत नसेल तर तो कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. बी. रंगराज यांच्या खटल्यात १९९२ च्या सुमारास स्पष्ट केले आहे. संस्थापकांनी मिळवलेल्या सवलती करारात आल्या आणि नियमावलीतून गळाल्या, असे घाईच्या मसुद्यात घडते. दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून कलमवार वाचण्यास एक दिवस लागतो.

विस्तार कार्यकर्त्यांना हा प्रश्न शेतकरी उत्पादक कंपन्यांकडूनही विचारला जातो, म्हणून एक खुलासा. उत्पादक कंपनीचे भांडवल केवळ समहक्क भागांचे असते आणि सभासदत्व उत्पादकांपुरते मर्यादित असते. सर्व सभासद व्यक्ती असतील तर भाग कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत. अग्रहक्क भाग आणि भागांनुसार मत यांवर उभी असलेली टर्म शीट अशा कंपनीला लागूच पडत नाही. उत्पादक कंपनीपुढे कोणी ती ठेवली, तर प्रस्ताव बहुधा वेगळी खासगी कंपनी काढून प्रक्रिया किंवा विक्रीचा व्यवसाय तिच्याकडे वळवण्याचा असतो. तेव्हा मूल्यापूर्वी हे विचारावे की नव्या कंपनीत उत्पादक कंपनीचे भाग किती, तिचा संचालक किती काळ राहणार आणि सभासदांचा माल कोणत्या भावसूत्राने घेतला जाणार.

इंदूरच्या दोघांसाठी सर्वांत निकडीचे कलम मात्र यांपैकी कोणतेच नाही. पहिल्या कागदावर, शेवटच्या पानावर, ६० दिवस अन्य कोणाशीही बोलणी न करण्याची हमी आहे. तारीख एप्रिलच्या मध्याची. माळव्यात पेरणी जूनच्या अखेरीस सुरू होते. गुंतवणूकदाराने कागदपत्रांची तपासणी लांबवली आणि जूनच्या मध्यावर मूल्य दहा कोटींवर आणू असे सुचवले, तर त्यांच्याजवळ दुसरा गुंतवणूकदार नसेल आणि चाचणीचे प्लॉट उभे राहायला दोन आठवडेही उरलेले नसतील. म्हणून त्यांनी ३० दिवसांची मुदत मागावी, गुंतवणूकदाराने आर्थिक अटी बदलल्यास हमी आपोआप संपेल असे वाक्य घालून घ्यावे, आणि हमीपत्रावर सही होईपर्यंत दुसऱ्या गुंतवणूकदाराला नकार कळवू नये.